छापखान्याचा मेल: विंडोजच्या साध्या अ‍ॅपमधून थंडरबर्डमध्ये (नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर 2024)

काकांचा गिरगावात छोटा ऑफसेट छापखाना आहे. दोन कॉम्प्युटर आहेत, एक काउंटरवर काकांचा आणि एक आत डीटीपी करणाऱ्या ताईंचा. मेलचा पत्ता एकच, स्वतःच्या डोमेनवरचा, आणि तो दोन्ही कॉम्प्युटरवर आणि काकांच्या फोनवर उघडतो. दोन्हीकडे विंडोज 10 बरोबर आलेलं Mail अ‍ॅप इतकी वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे हे सगळं रविवारी आणि रात्री केलेलं आहे. कोणाला असंच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील म्हणून लिहून ठेवतोय.

6 ऑक्टोबर, रविवार

काकांचा फोन आला, "अरे, आपल्याला मेल येईनात. पार्टी म्हणते पाठवला, आणि इथे काही नाही." लोकलचा रविवारचा ब्लॉक होता, चर्नी रोडला पोचायलाच दीड तास गेला.

अ‍ॅप उघडून बघितलं तर सगळं ठीक दिसत होतं. लाल खूण नाही, इशारा नाही, बाहेर जाणारा मेलही जात होता. शेवटी ज्यांचा मेल आला नव्हता त्या पार्टीकडून, त्यांना परत आलेला निरोप मागवून घेतला. त्यात `552 5.2.2` होतं आणि पुढे मेलबॉक्स भरल्याचं वाक्य. म्हणजे दुखणं आमचं आणि कळ पाठवणाऱ्याला. होस्टिंगच्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं: 10 जीबीपैकी 9.9 भरलेले.

साध्या अ‍ॅपमधली पहिली उणीव ही. मेलबॉक्स किती भरला, हे ते कुठेच दाखवत नाही. छापखान्याचा मेल म्हणजे पीडीएफ आणि पुन्हा पीडीएफ. त्यात जोडपत्र मेलमधून जाताना मजकुरात बदललं जातं, दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. ताईंनी 15 एमबीचं मुखपृष्ठ पाठवलं की Sent मध्ये 20 एमबी जागा जाते. पार्टीने तेच 'ओके' लिहून जोडपत्रासकट परत पाठवलं की आणखी 20.

8 ऑक्टोबर, मंगळवार

आजची चूक माझी, आणि महागात पडलेली.

बँकेतून सुटल्यावर गेलो आणि जागा करायला बसलो. माझी समजूत अशी की अ‍ॅपमध्ये जुने मेल दिसतायत म्हणजे ते हार्ड डिस्कवर आहेत. सर्व्हरवरचे काढले तरी इथे राहतील. म्हणून फोनवरून 2019 सालचे 640 मेल काढले आणि कचराही रिकामा केला. दहा मिनिटांत काउंटरच्या कॉम्प्युटरवरूनही 2019 गायब.

IMAP खात्याचं असंच असतं. साधं अ‍ॅप म्हणजे सर्व्हरचा आरसा. आरशात दिसणारा माणूस खोलीतून गेला की आरशातूनही जातो. अ‍ॅप कॉम्प्युटरवर प्रत ठेवतं हे खरं, पण ती त्याच्या सोयीपुरती, आणि सर्व्हरवरून गेलं की तीही जाते. 'हा मेल सर्व्हरवरून काढ पण माझ्या कॉम्प्युटरवर ठेव' हे सांगायची जागाच त्या अ‍ॅपमध्ये नाही. सगळा मेलबॉक्स एका झटक्यात बाहेर काढून फाइल करून ठेवायचीही सोय नाही. एकेक मेल उघडून `.eml` म्हणून सेव्ह करता येतो. हजारो मेल एकेक करून कोण सेव्ह करणार?

होस्टिंगवाल्यांना फोन केला. त्यांच्याकडे सात दिवसांचा बॅकअप होता, परत टाकून द्यायचे 1,500 रुपये सांगितले. भरले. काकांना त्या दिवशी रक्कम सांगितली नाही, नंतर सांगितली.

10 ऑक्टोबर, गुरुवार

640 परत आले, वेगळ्या फोल्डरमध्ये. म्हणजे मेलबॉक्स पुन्हा भरला! तात्पुरतं म्हणून ताईंच्या संमतीने Sent मधले या वर्षीचे सर्वांत मोठे 30 मेल काढले. ते जॉब त्यांच्याकडे मूळ फाइलसकट होते. आठवडाभराची उसंत मिळाली.

13 ऑक्टोबर, रविवार

अ‍ॅपच्या वरच्या पट्टीत बरेच दिवस 'नव्या Outlook कडे चला' असं येत होतं. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय की 31 डिसेंबर 2024 नंतर Mail अ‍ॅपमधून मेल येणार-जाणार नाही. म्हणजे बदल करावा लागणारच होता.

आधी नवं Outlook माझ्या लॅपटॉपवर लावून बघितलं, फुकट मिळणारं. आमच्यासारखं IMAP खातं जोडताना ते सांगतं की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये सिंक होतील. म्हणजे आमच्या होस्टिंगवरचा मेल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाणार आणि मग आमच्या पडद्यावर येणार. यादीत अधूनमधून जाहिरातीही होत्या, मेलसारख्याच दिसणाऱ्या. काका चष्मा वर करून म्हणाले, "हा कोणाचा मेल?" तिथेच ते नको ठरलं. आम्हाला हवी होती ती गोष्ट, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायची जागा, तिथेही मला मिळाली नाही.

थंडरबर्ड ठरवलं. फुकट आहे, आणि त्यात `Local Folders` नावाचं, कोणत्याही खात्याशी न बांधलेलं कपाट असतं. माझं अर्धं काम त्या एका गोष्टीसाठी होतं.

19 ऑक्टोबर, शनिवार

ताईंच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड 128 टाकलं. खातं जोडणं पाच मिनिटांचं काम: IMAP पोर्ट 993, SMTP 465, युजरनेम म्हणजे पूर्ण मेल पत्ता. मी आधी पत्त्यातला @ च्या आधीचा भागच लिहिला होता, म्हणून वीस मिनिटं पासवर्ड चुकतोय असं वाटत राहिलं.

मग मशीन बसलं. जुना i3, 4 जीबी रॅम. थंडरबर्ड मुळात सगळ्या फोल्डरमधले सगळे मेल उतरवून घेतं आणि वर शोधासाठी त्यांची सूचीही बनवतं. 9 जीबी उतरत असताना कोरल ड्रॉ उघडेना. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमचा पक्षी माझं काम खातोय." सेटिंगमध्ये जाऊन `Enable Global Search and Indexer` ची खूण काढली आणि उतरवणं रात्रीवर ठेवलं. सूची नसली तरी फोल्डरच्या वरचा पटकन गाळणारा पट्टा (`Ctrl+Shift+K`) पाठवणाऱ्याच्या नावावर आणि विषयावर शोधतो, ताईंना तेवढं पुरतं.

साधं अ‍ॅप हलकं होतं. ताईंकडे ते ठरावीक काळातलेच मेल उतरवायचं, त्यामुळे मशीनला कळतही नव्हतं.

27 ऑक्टोबर, रविवार

आता मुख्य काम, 2019 ते 2022 सर्व्हरवरून उतरवून `Local Folders` मध्ये ठेवणं. धडा घेतला होता, म्हणून थेट 'हलवा' केलं नाही. क्रम असा ठेवला:

आधी प्रत (`Copy To`), एका वेळी साधारण 500 मेल. मग दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून `Properties` मधला मेलचा आकडा जुळवायचा. मग थंडरबर्ड ऑफलाइन करायचं आणि उतरवलेल्यातले दहा-बारा मेल जोडपत्रासकट उघडून बघायचे. सगळं उघडलं तरच सर्व्हरवरचे काढायचे.

ऑफलाइन करून बघणं फालतू वाटेल, पण तिसऱ्या खेपेला त्यानेच वाचवलं. मध्येच नेट गेलं होतं. प्रत झालेल्या फोल्डरमध्ये 500 ऐवजी 463 होते, आणि शेवटच्या मेलचं जोडपत्र उघडेना. तो तुकडा पुसून पुन्हा केला.

29 ऑक्टोबर, मंगळवार (रात्र)

सर्व्हरवरून 2019 आणि 2020 काढले. सगळे 'हलवले', तरी वापरलेली जागा 9.6 वरून हलेना. अर्धा तास डोकं खाजवलं.

दोन कारणं होती. एक, काढलेले मेल सर्व्हरवरच्याच Trash मध्ये गेले होते, आणि तेही मोजले जातात. दोन, IMAP मध्ये मेल काढला म्हणजे आधी त्यावर फक्त 'काढलेला' अशी खूण होते. प्रत्यक्षात तो जातो `Compact` केल्यावर. Trash रिकामा केला, Inbox वर राइट क्लिक करून `Compact` केलं, आणि आकडा 6.8 वर आला. थंडरबर्डमध्ये तो आकडा तिथल्या तिथे दिसतो, फोल्डरच्या `Properties` मधल्या `Quota` मध्ये. त्यासाठी होस्टिंगच्या वेबसाइटवर जावं लागत नाही.

बाकीचं दिवाळीनंतर. कंदील, रांगोळ्या, आणि छापखान्यात आता निवडणुकीच्या पत्रकांची गर्दी.

3 नोव्हेंबर, रविवार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी 2021 आणि 2022 उतरवले. सर्व्हरवर आता 4.3 जीबी. मी खूश.

मग बॅकअप. सर्व्हरवरचा मेल निदान होस्टिंगवाल्यांच्या बॅकअपमध्ये असतो. `Local Folders` मधला फक्त ताईंच्या हार्ड डिस्कवर आहे. ती गेली की चार वर्षं गेली. काकांच्या ड्रॉवरमधला 64 जीबीचा पेनड्राइव्ह लावला आणि थंडरबर्ड बंद करून हा फोल्डर कॉपी करायला घेतला:

```
%APPDATA%\Thunderbird\Profiles
```

कॉपी मध्येच थांबली. फाइल फार मोठी आहे म्हणे, आणि पेनड्राइव्हवर तर 50 जीबी मोकळे.

कारण कळायला वेळ गेला. थंडरबर्डमध्ये नेहमीच्या मांडणीत एक फोल्डर म्हणजे डिस्कवर एक फाइल, आतले सगळे मेल एकाखाली एक चिकटवलेले. मी चारही वर्षं 'जुने' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये कोंबली होती, त्याची फाइल 5.6 जीबीची झाली. पेनड्राइव्ह FAT32 मध्ये फॉर्मॅट केलेला, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही.

पेनड्राइव्ह NTFS करून वेळ मारून नेता आली असती. तरी फोल्डर वर्षवार तोडले: 2019, 2020, 2021, 2022. एवढ्या मोठ्या फाइलमधला एक मेल काढला तरी जागा मोकळी करायला `Compact` अख्खी फाइल नव्याने लिहितं, आणि तेवढा वेळ तेवढीच जागा डिस्कवर मोकळी लागते. वर्षवार केल्यावर सर्वांत मोठी फाइल 1.9 जीबीची राहिली. शिवाय 1 टीबीची बाहेरची डिस्क घेतली, 4,200 रुपये. पेनड्राइव्हवर मी बॅकअप ठेवत नाही, ती वस्तू हरवण्यासाठीच असते.

5 नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी मोठी चूक.

साध्या अ‍ॅपमध्ये नियम लावताच येत नाहीत. आलेला मेल पाठवणाऱ्यावरून किंवा विषयावरून आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणं त्यात नाही. ताईंना प्रूफच्या उत्तरांचे मेल वेगळे हवे होते, म्हणून रविवारीच थंडरबर्डमध्ये `Message Filters` मधून नियम केला होता: विषयात 'प्रूफ' असेल तर तो मेल 'Proof' फोल्डरमध्ये. फोल्डर केला होता `Local Folders` मध्ये, कारण मला तेव्हा ते कपाट फार आवडलं होतं.

आज दुपारी काकांचा फोन. एका उमेदवाराच्या पत्रकाला गिऱ्हाइकाने ओके पाठवलंय, पण तो मेल काउंटरवर दिसत नाही, फोनवरही नाही. प्लेट अडलेली, माणूस समोर उभा. थोडक्यात, नियमाने मेल ताईंच्या हार्ड डिस्कवर हलवला होता, म्हणजे सर्व्हरवरून काढून टाकला होता. आरशाबाहेर. ताई जेवायला गेल्या होत्या.

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, आणि छापण्याआधी प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांसकट घोषणापत्र घ्यावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 क. ते घोषणापत्रही त्याच मेलला जोडलेलं होतं. काकांचा आवाज चढला होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळी जाऊन 'Proof' फोल्डर सर्व्हरवरच्या खात्यात नव्याने केला आणि नियम तिकडे वळवला. `Local Folders` मध्ये आता काहीही आपोआप जात नाही. त्यासाठी दुसरा नियम केलाय, 180 दिवसांहून जुना असेल तर (`Age In Days`), पण तो ताई महिन्यातून एकदा हाताने चालवतात.

7 नोव्हेंबर, गुरुवार

प्रूफचा नियम अर्ध्याच मेलना लागतोय. ताईंनी यादी काढून दाखवली. लोक 'प्रूफ' लिहितात, 'प्रुफ' लिहितात, इंग्रजीत लिहितात, एकाने 'फ्रूफ' लिहिलंय. नियम अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, ऱ्हस्व-दीर्घ त्याला माफ नाही. म्हणून पद्धतच बदलली. ताई प्रूफ पाठवताना विषयात जॉब नंबर टाकतात, `J-` आणि पुढे आकडा, आणि नियम त्यावर चालतो. उत्तर देताना लोक विषय बदलत नाहीत.

थंडरबर्डचीही इथली एक मर्यादा लिहून ठेवतो. नियम ताईंच्या कॉम्प्युटरवर चालतो, सर्व्हरवर नाही. ताईंची सुट्टी असेल आणि थंडरबर्ड बंद असेल, तर त्या दिवशीचा मेल नुसता Inbox मध्ये पडून राहतो. नियम कायम चालायला हवे असतील तर ते होस्टिंगच्या वेबमेलमध्ये लावावे लागतात. आमच्याकडे तशी सोय आहे, पण ती आम्ही अजून वापरलेली नाही.

10 नोव्हेंबर, रविवार

Sent हलका केला. थंडरबर्डमध्ये मेलमधलं जोडपत्र डिस्कवर काढून घेऊन (`Detach`) मेल तसाच ठेवता येतो: पत्ता, तारीख, मजकूर जागच्या जागी. साध्या अ‍ॅपमध्ये जोडपत्र सेव्ह करता येतं, पण मेलमधून काढता येत नाही. 2023 चे 70 मोठे मेल असे मोकळे केले. पुन्हा Trash, पुन्हा `Compact`. सर्व्हरवर 2.9 जीबी.

पार्टीने पाठवलेल्या मंजुरीच्या मेलना मात्र हात लावला नाही. भांडण झालं तर ते जोडपत्रासकट मूळ स्वरूपात हवेत.

17 नोव्हेंबर, रविवार

काकांना पोच हवी होती, "रजिस्टर एडी असतं तसं." थंडरबर्डमध्ये मेल लिहिताना `Return Receipt` मागता येते, साध्या अ‍ॅपमध्ये नव्हती. नऊ मेलना लावून पाहिली, पोच आली दोनांची. समोरच्याचा प्रोग्रॅम विचारतो, आणि माणूस 'नाही' म्हणू शकतो. काही ठिकाणी तर विचारतही नाहीत. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा बऱ्या म्हणून विषय संपवला.

काउंटरवरही थंडरबर्ड लावलं, मागच्या वेळच्या अनुभवाने फक्त गेल्या तीन महिन्यांचे मेल उतरवायला सांगून.

24 नोव्हेंबर, रविवार

काउंटरवर तक्रार: 'टुंग' येत नाही. साधं अ‍ॅप बंद असलं तरी विंडोज त्याच्यासाठी मागे मेल बघून यायचं आणि कोपऱ्यात सूचना यायची. थंडरबर्ड बंद म्हणजे बंद. ते उघडं असेल तरच मेल आल्याचं कळतं. काकांना कोणतीही खिडकी काम झालं की फुलीने बंद करायची सवय, तीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाची. त्यामुळे थंडरबर्ड दिवसातून सहा वेळा बंद.

`Win+R` दाबून `shell:startup` उघडलं आणि तिथे शॉर्टकट टाकला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की ते आपोआप उघडतं. सेटिंगमध्ये छोटं केल्यावर घड्याळाजवळ जाऊन बसायचा पर्यायही चालू केला. पण तो छोटं करण्यापुरता आहे, फुलीवर नाही.

29 डिसेंबर, रविवार

जुनं अ‍ॅप दोन्हीकडून काढलं. सर्व्हरवर 3.1 जीबी. खर्च: बॅकअप परत आणायचे 1,500, डिस्क 4,200, एकूण 5,700 रुपये. वेळ: आठ रविवार आणि काही रात्री, त्यातला निम्मा माझ्या दोन चुकांनी खाल्ला. बाहेरच्या डिस्कवरची कॉपी ताई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी करतात, थंडरबर्ड बंद करून. नोव्हेंबरची एक कॉपी उघडं असताना घेतली होती, ती माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली तर 2022 चा फोल्डर अर्धाच होता. पुन्हा घेतली.

फुलीचा प्रश्न सुटलेला नाही. ताईंनी काउंटरच्या मॉनिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी फुलीच्या शेजारी, स्टिकर पेपरवर छापून 'बंद करू नका' चिकटवलंय. काका म्हणाले, "अक्षर जरा मोठं हवं होतं."